व्हॅलरंटमधून बाहेर काढताना

वहिनी, मुलाला व्हॅलरंट या ऑनलाइन नेमबाजीच्या गेममधून बाहेर काढायचं म्हणून आधी गेम बंद करू नका. दोन संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून नेमकं काय आवडतं ते बघा.

फोंड्याचा माझा भाचा त्यात ओमेन हे धूर सोडणारं पात्र घेऊन खेळायचा. नेम बेताचाच, पण धूर कुठे सोडला की समोरचे अडकतील, हे त्याला अचूक कळायचं. म्हणजे ओढ बंदुकीची नव्हती, डावपेचांची होती. (मामाला हे कळायला वर्ष लागलं!) त्याला मी ‘इंटू द ब्रीच’ हा पाळीपाळीने खेळायचा डावपेचांचा गेम दिला. आठ बाय आठचा पट, शत्रू पुढे कुठे मारणार ते आधीच दिसतं, आपण त्याला ढकलून तो वार दुसऱ्या शत्रूवर पाडायचा. बहुतेक लढाया मोजक्याच चालींत संपतात.

सुरुवात चवथीत केली. व्हॅलरंटची रँकची मॅच आरतीसाठी थांबत नाही, मध्येच सोडली तर शिक्षा होते. हा गेम मात्र पटावर तसाच थांबतो.

पहिल्या दिवशी ‘स्लो आहे’ म्हणून तो कंटाळला. तेव्हा शिकवू नका, स्वतः खेळून चुका. भाचा तिसऱ्या चालीलाच ‘मामा, तो नको, मागचा ढकल’ म्हणाला.

नेमबाजीच आवडणाऱ्याला मात्र हा गेम रुचणार नाही. व्हॅलरंट पूर्ण सुटेल अशीही अपेक्षा नको. भाचा शनिवारी अजून खेळतोच.