सकाळची किरकिर आणि दुपारचे अडीच तास

“आमचा साडेचार वर्षांचा मुलगा. रात्री ९ ला गादीवर नेला तरी पावणेअकराशिवाय झोपत नाही. सकाळी ओढून उठवावा लागतो, शाळेच्या दारात रडतो. बाई म्हणतात, पहिला तासभर कुणी हात लावलेलाही त्याला खपत नाही. त्याला झोपच कमी लागते, की हा हट्टीपणा?”

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी समुपदेशक म्हणून माझ्यासमोर येतो. शब्द थोडेफार बदलतात, घड्याळ जवळपास तेच असतं. ‘हट्टी’ या शब्दावर मी पहिल्या भेटीत बोलत नाही. आधी कागद मागते. स्वभावाविषयी घरात चार मतं असू शकतात, पण मूल किती वाजता झोपलं याविषयी नसावीत, असं माझं जुनं मत आहे.

कागद साधा असतो. सात दिवसांच्या सात ओळी, प्रत्येक ओळीत २४ चौकोन. दिवा मालवला तिथे बाण काढायचा आणि मूल खरोखर झोपलं तिथून चौकोन रंगवायचा. या दोन वेळा वेगळ्या नोंदवणं फार गरजेचं आहे, कारण ‘९ ला झोपतो’ म्हणणाऱ्या कित्येक घरांत ९ ला फक्त दिवा बंद होतो. दुसरी चूक म्हणजे कागद फक्त रात्रीचा भरला जातो. दिवसा मुलाला सांभाळणाऱ्याच्या हातातही पेन्सिल द्यावी लागते.

या घरचा कागद आठवड्याने आला. रात्री साधारण १०.४० ला झोप, सकाळी ६.४५ ला उठवणं. म्हणजे ८ तास ५ मिनिटं. दुपारी २.३० ते ५, अडीच तास. सुट्टीच्या दिवशी मात्र सकाळी ९.१५ पर्यंत झोप.

आईने स्वतःच बेरीज केली. “साडेदहा तास? म्हणजे हा पुरेसा झोपतो?”

“तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला १० ते १३ तास लागतात. हा काठावर पास आहे. पण त्यातली पाव झोप दुपारी खर्च होते.”

झोपेचं भुकेसारखंच असतं. संध्याकाळी ५ ला पोटभर खाल्लेलं मूल ८ ला जेवणार नाही, तसं ५ ला उठलेलं मूल ९ ला झोपणार नाही. या वयाच्या बऱ्याच मुलांना दुपारच्या झोपेनंतर पाच-सहा तास जागेपण हवं असतं. ५ मध्ये ते मिळवले की पावणेअकराच होतात. मुलगा हट्ट करत नव्हता, हिशोबाने वागत होता.

दुसरी गोष्ट आई-वडिलांना पटायला वेळ लागतो. शरीराचं घड्याळ ज्या वेळेला झोपायला सरावलेलं असतं, तिच्या आधीचा तास-दोन तास हा बहुधा दिवसातला सगळ्यात तरतरीत काळ असतो. म्हणजे १०.४० ला झोपणाऱ्या मुलाला ९ ला गादीवर नेणं म्हणजे तो ऐन रंगात असताना झोपायला सांगणं. मग पाणी, शू, अजून एक गोष्ट, रडणं, ओरडणं. पावणेदोन तास रोज हे चाललं की गादी ही भांडायची जागा आहे, एवढंच मूल शिकतं. ‘लवकर झोपवा’ हा सल्ला चांगल्या मनाने दिला जातो, पण घड्याळ न हलवता तो पाळला तर प्रकरण चिघळतं.

तेव्हा दुपार आवरायची होती. आणि दुपार आजींच्या ताब्यात होती.

तिसऱ्या भेटीला मी आजींना बोलावलं. त्या सुनेच्या शेजारी न बसता एक खुर्ची सोडून बसल्या आणि पहिलंच वाक्य बोलल्या, “झोपलेल्या लेकराला उठवू नये. आमच्याकडे कधी उठवलं नाही.”

त्यांचं चुकतं असं मी म्हटलं नाही. मी विचारलं, “सकाळी त्याला कोण उठवतं?”

“ही. शाळा असते ना.”

“झोपलेलाच असतो ना तेव्हा?”

आजी गप्प झाल्या. कागद जवळ ओढून त्यांनी रंगवलेल्या चौकोनांवरून बोट फिरवलं, आधी रात्रीच्या पट्ट्यावरून, मग दुपारच्या. “म्हणजे उठवतो तर आपण रोजच,” त्या म्हणाल्या, “फक्त चुकीच्या वेळी.”

हे वाक्य मी सुनेला शंभरदा सांगितलं असतं तरी घरात काही हललं नसतं. ते आजींच्या तोंडून आलं आणि पुढचं काम अर्ध्यावर आलं. पण एक गोष्ट अजून बाहेर यायची होती. मी विचारलं, “तो झोपतो तेव्हा तुम्ही काय करता?” त्या म्हणाल्या, “पडते. गुडघे दुखतात.” ते अडीच तास फक्त मुलाचे नव्हते. मूल झोपत नाही किंवा नको तेव्हा झोपतं, तेव्हा मी पाहते की त्या झोपेवर घरातलं आणखी कोण विसावलेलं आहे. त्या माणसाची सोय लावल्याशिवाय दिलेलं वेळापत्रक तीन दिवसांत मोडतं. म्हणून आधी ठरलं की मुलाची झोप कमी केल्यावर आजींचा विसावा जाणार नाही: रोज ३ ते ४ मुलगा खाली शेजारच्या मुलाबरोबर खेळेल, त्या घरची आई लक्ष ठेवेल. मग घड्याळाला हात घातला.

शाळा १२ ला सुटत होती, जेवण पाऊण वाजता संपत होतं, मग तासभर कार्टून, आणि त्यामुळे झोप २.३० वर गेली होती. कार्टून काढून झोप १.१५ ला आणली. पहिला आठवडा दीड तास, नंतर एकच तास, आणि ३ नंतर डोळा लागू द्यायचा नाही. उठवताना हाका मारायच्या नाहीत. आधी पडदा सरकवायचा, घरातले आवाज सुरू होऊ द्यायचे, पाच-दहा मिनिटांनी पाठीवर हात. तरी पंधरा-वीस मिनिटं मूल चिडकं असतंच. ती झोपेची गुंगी असते, तिच्याशी वाद घालू नये. पाणी द्यावं, खायला द्यावं, प्रश्न विचारू नयेत. सकाळीही हेच लागू आहे, म्हणून सकाळची वेळ ६.४५ वरून ६.३० वर घेतली. गुंगीला पंधरा मिनिटं द्यावीच लागतात, नाहीतर ती शाळेच्या दारात उतरते.

ही ६.३० आठवड्याचे सातही दिवस. सुट्टीला फार तर ७. सुट्टीच्या दिवशी ९.१५ पर्यंत झोपलेल्या मुलाचं घड्याळ मागे सरकतं आणि पुढचे दोन-तीन दिवस तो शाळेत त्याचीच भरपाई करत असतो. शाळेत आठवड्याचे पहिले दिवस सगळ्यात जड का जातात, हे बहुतेक घरांना कागद पाहिल्यावर कळतं.

रात्रीसाठी मी सांगितलं, “पहिले तीन दिवस दिवा साडेदहाला मालवा.”

“अजून उशिरा?” वडील जवळजवळ ओरडलेच. ते दरवेळी कुणीतरी ओरडतंच.

कारण असं की आधी गादीवर पडताच झोप लागते, ही जोडणी परत बसवायची असते. दिवा मालवल्यावर वीस मिनिटांच्या आत झोप लागली आणि असं सलग तीन रात्री झालं, की पंधरा मिनिटं अलीकडे यायचं. १०.१५, १०, ९.४५, असं करत ८.४५ पर्यंत सात पायऱ्या. एखाद्या पायरीवर अडकलं तर तिथेच थांबायचं, उडी मारायची नाही.

दिवा मालवण्याआधीचा अर्धा तास रोज एकाच क्रमाने: दात, शू, कपडे, दोन पुस्तकं, दिवा. पुस्तकं दोनच आणि ती आधीच उशाशी ठेवलेली. त्याच्या आधी तासभर टीव्ही-मोबाइल बंद, ट्यूबलाइट बंद, एक मंद पिवळा दिवा. लहान मुलांच्या बाहुल्या मोठ्या आणि डोळ्यांतलं भिंग स्वच्छ असतं, त्यामुळे संध्याकाळच्या प्रखर उजेडाने झोपेचं संप्रेरक, मेलाटोनिन, त्यांच्यात मोठ्यांपेक्षा जास्त दबतं. सकाळी याच्या उलट, उठल्याबरोबर पडदे उघडे आणि जमेल तर वीस मिनिटं बाहेरचा उजेड. दिवा मालवल्यावरच्या मागण्यांसाठी मुलाला एक चिठ्ठी दिली. ती देऊन एकदा पाणी किंवा एकदा मिठी मागता येते, दुसऱ्यांदा नाही.

पहिल्या आठवड्यात मुलगा आधीपेक्षा जास्त किरकिरा होतो, हे मी आधीच सांगून ठेवते आणि शाळेलाही कळवायला लावते. दुपार कमी झालेली असते आणि रात्र अजून वाढलेली नसते. या मुलाची त्या आठवड्यातली झोप साडेनऊ तासांवर आली होती. बरेच पालक याच टप्प्यावर ‘जमत नाही’ म्हणून सोडून देतात. दुसरा धोका संध्याकाळी साडेपाचचा: गाडीत किंवा कडेवर लागलेली दहा मिनिटांची डुलकी रात्रीचा अर्धा-पाऊण तास खाते. त्या वेळी प्रवास टाळावा, मूल मोकळ्या हवेत पळतं ठेवावं. आणि दमलेलं मूल जांभया देईलच असं नाही. या वयात दमलेली मुलं बऱ्याचदा जास्त उड्या मारतात, मोठ्याने हसतात. ‘बघा, याला झोप आलेलीच नाही’ असं आपण त्याच वेळी म्हणतो.

हे घर ९.३० च्या पायरीवर आठ रात्री अडकलं. कागदावर कारण सापडेना. विचारल्यावर कळलं, वडील ९ ला घरी यायचे आणि बाप-लेकाची कुस्ती व्हायची. दिवसभरात भेटच नाही, तर कुस्ती बंद करा कसं सांगायचं? कुस्ती सकाळी ६.४५ ला गेली आणि रात्रीची दोन पुस्तकं वडिलांकडे आली. सकाळी उठायचं कारण मुलाला मिळालं, हा फायदा मला आधी सुचला नव्हता. पाचव्या आठवड्यात नोंद होती: दिवा ८.४५, झोप ९, उठला ६.३०, दुपारी एक तास. एकूण बेरीज जवळपास जुनीच, पण रात्र आता साडेनऊ तासांची होती. शाळेच्या दारातलं रडणं तिसऱ्या आठवड्यापासूनच कमी होत गेलं होतं. त्या मुलाला मी एकदाही भेटलेले नाही.

काही मुलं पाच वर्षांच्या आसपास दुपारची झोप आपणहून सोडतात. दुपारी तासभरच झोपूनही रात्री ९.३० च्या आत झोप येत नसेल, तर दुपारची झोप बंद करून पाहावी आणि रात्रीची वेळ तेवढी अलीकडे आणावी. उलट, रात्री दहा तास झोपूनही सकाळी मूल मरगळलेलं असेल, आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, मध्येच श्वास थांबून दचकत असेल किंवा पाय सतत झाडत असेल, तर वेळापत्रक करत बसू नका. झोपेतल्या श्वासाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. टॉन्सिल, नाकामागची अ‍ॅडेनॉइड ग्रंथी किंवा लोहाची कमतरता समुपदेशनाने बरी होत नाही.

ताप आला, प्रवास झाला, सुट्टी लागली की घडी विस्कटते. तेव्हा पुन्हा साडेदहापासून सुरुवात नको. तीन रात्री कागद भरा, त्या आठवड्यात मूल खरोखर किती वाजता झोपतंय ते पाहा आणि तिथूनच पंधरा मिनिटं अलीकडे या.