एक खोली, दोन पात्रे, पाच मिनिटे : गुपित शेवटी न ठेवता सुरुवातीला ठेवावे

> कॉलेजच्या असाइनमेंटसाठी पाच मिनिटांची शॉर्ट फिल्म करायची आहे. अट अशी की लोकेशन एकच आणि कलाकार फक्त दोन. मी लिहिलंय ते असं : एका भाड्याच्या खोलीत दोन मैत्रिणी गप्पा मारतात, जुन्या आठवणी निघतात, आणि शेवटी एक जण सांगते की ती खोली सोडून कायमची चालली आहे. सरांनी वाचून सांगितलं, "यात काही घडतच नाही." रचना कशी करू?

तुमच्या कथेतील एकमेव घटना, म्हणजे ती खोली सोडून चालली आहे ही गोष्ट, तुम्ही शेवटच्या मिनिटासाठी राखून ठेवली आहे, आणि म्हणून त्याआधीच्या चार मिनिटांत प्रेक्षकाला कशाचीच वाट पाहायला मिळत नाही. दोन तासांच्या चित्रपटात असे गुपित दडवता येते, कारण मधल्या काळात दुसरे काही घडत राहते. एका खोलीत दोनच माणसे असली की घडण्यासारखे फारसे नसते, आणि तेथे बदलू शकते ते मुख्यत्वे एकच : कोणाला काय ठाऊक आहे. म्हणून पाच मिनिटांची रचना करताना कथेचे सुरुवात-मध्य-शेवट असे तुकडे पाडण्यापेक्षा, माहिती कोणाकडून कोणाकडे आणि कोणत्या सेकंदाला सरकते, हे ठरवणे अधिक उपयोगी पडते.

तुमचीच कथा घेऊन हे करून पाहू. मैत्रिणींना मेघना आणि स्वाती अशी नावे देतो. खोलीचा ११ महिन्यांचा भाडेकरार दोघींच्या नावावर आहे आणि त्यातले तीनच महिने संपले आहेत. मेघना आज रात्रीच्या बसने गावी परत चालली आहे, आणि स्वाती घरी येण्यापूर्वी निघून जावे, असे तिने ठरवले आहे.

पहिल्या शॉटमध्ये मेघना एकटीच बॅग भरते आहे. दाराच्या कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज येतो आणि ती बॅग घाईने कॉटखाली सरकवते. याला अर्धे मिनिट पुरते आणि एकही संवाद लागत नाही. तुमच्या संहितेत जे शेवटी कळत होते ते आता ३०व्या सेकंदालाच प्रेक्षकाला कळले आहे, पण स्वातीला कळलेले नाही. यापुढे स्वाती जे काही साधे बोलेल, त्याला एक दुसरा अर्थ आपोआप येईल.

स्वाती लवकर आली आहे, कारण तिने वाटेत खोलीसाठी कुकर विकत घेतला आहे. ती तो उत्साहाने दाखवते आणि म्हणते, "आणखी आठ महिने काढायचेत, कुकर तर हवाच." या एका वाक्यात करार, राहिलेला काळ आणि स्वातीचा विश्वास असे तिन्ही येते, आणि कोणी काही समजावून सांगते आहे असे वाटत नाही. याच भागात पुढच्या दोन गोष्टींची पेरणी करून घ्यावी लागते. एक म्हणजे, तांदळाचा डबा कॉटखाली असतो. स्वाती तो काढायला वाकते आणि मेघना तिला "आधी चहा घेऊ" म्हणून थांबवते. दुसरी म्हणजे, मेघनाच्या आईचा फोन येतो आणि ती तो कापते. हा भाग साधारण ७० सेकंदांचा असावा.

फोन पुन्हा वाजतो. आता तो घ्यावाच लागतो, म्हणून मेघना बाहेरच्या गॅलरीत जाते. कॅमेरा मात्र खोलीतच स्वातीजवळ राहतो. त्यामुळे एका जागेची अट पाळली जाते, आणि फोनवरचे बोलणे ऐकू येत नसल्याने तिसऱ्या पात्राचा आवाजही लागत नाही. स्वाती वाकते, डबा ओढते आणि तिला बॅग दिसते. येथे ती मेघनाला हाक मारून जाब विचारील, असे तुम्हाला लिहावेसे वाटेल, पण ते लिहू नका. भांडण सुरू झाले की माहिती सरकायची थांबते आणि उरलेला वेळ आरोप व खुलासे यांतच जातो. स्वाती बॅग होती तशी आत सरकवते आणि फक्त डबा बाहेर घेते. या ४० सेकंदांनी सारे उलटते : आतापर्यंत मेघनाला ठाऊक होते आणि स्वातीला नव्हते, आता स्वातीला ठाऊक आहे, आणि तिला ते कळले आहे याची मेघनाला कल्पना नाही. हे वळण अडीच मिनिटांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ मध्यावर यावे.

यानंतरचा भाग सर्वांत मोठा, ८० सेकंदांचा ठेवावा, कारण खरा चित्रपट येथे आहे. मेघना परत येते. स्वाती तिला सांगून टाकण्याची संधी देत राहते, तीही अगदी घरगुती बोलण्यातून : "रविवारी तुझ्या ऑफिसमधल्यांना जेवायला बोलवू या का?" मेघना "बोलवू की" म्हणते. मग स्वाती विचारते, "पुढच्या महिन्याचं भाडं तू भरशील की मी भरू?" मेघना पुन्हा खोटे बोलते. तिसऱ्या प्रश्नाला मात्र तिच्याकडून उत्तरच येत नाही. संधी तीनच ठेवाव्यात. दोनदा खोटे आणि तिसऱ्यांदा मौन, एवढ्यातच मेघना आतून बदलत असल्याचे दिसते. पहिल्या भागातील आणि या भागातील संवाद एकाच पोताचे, साधे आणि छोटे हवेत, म्हणजे शब्द तेच असूनही त्यांचे वजन बदलल्याचे प्रेक्षकाला जाणवते.

शेवटसुद्धा वस्तूवरच यावा. स्वाती जमिनीवर बसून तांदूळ मोजते आहे आणि मेघना तिच्याकडे पाठ करून मोरीत नवा कुकर विसळते आहे. सवयीप्रमाणे दोन मापे पातेल्यात पडतात. मग क्षणभर शांतता, आणि एक माप पुन्हा डब्यात ओतल्याचा आवाज. मेघना तो आवाज ऐकते आणि वळून पाहते. आता दोघींनाही सारे ठाऊक आहे आणि कोणी एक शब्दही उच्चारलेला नाही. पण येथे थांबलात तर मेघना केवळ पकडली गेलेली व्यक्ती उरते. तिने काहीतरी ठरवले पाहिजे. ती येऊन शेजारी बसते, डब्यातून एक माप भरते आणि पातेल्यात घालते. ती आज जाणारच आहे, पण जेवून, आणि सांगून जाणार आहे. यानंतर "मला माफ कर" यासारखे वाक्य आले, तर मापाने जे केले ते पुसले जाईल. शेवटचे २० सेकंद श्रेयनामावलीसाठी मोकळे ठेवा, आणि पाच मिनिटांत श्रेयनामावली धरायची की नाही, हे सरांना आताच विचारून घ्या.

तुमच्या संहितेची तपासणी करण्यासाठी कागदावर तीन रकाने आखा : प्रेक्षक, मेघना आणि स्वाती. प्रत्येक लहान घटनेपुढे, त्या क्षणी कोणाला काय नव्याने कळले, ते लिहा. सलग ४० सेकंदांच्या मजकुरात तिन्ही रकाने रिकामे राहिले, तर तो मजकूर कितीही सुंदर लिहिलेला असला तरी तेथे चित्रपट थांबलेला आहे. तुमच्या जुन्या आठवणींच्या गप्पा याच चाळणीत अडकतील. एखादी आठवण ठेवायचीच असेल, तर ती स्वातीला बॅग दिसल्यानंतर, तिच्या तोंडी ठेवा; तेथे ती मेघनाला अडवण्याचे काम करील. फ्लॅशबॅक मात्र टाळा. एकाच खोलीत, त्याच दोन चेहऱ्यांसह भूतकाळ दाखवला की काळ बदलला हे कळायलाच प्रेक्षकाचे काही सेकंद जातात, आणि पाच मिनिटांत ते परवडत नाहीत.

लांबीचा अंदाज पानांवरून करू नका. एका पानाला एक मिनिट हा ठोकताळा इंग्रजी पटकथेच्या ठरावीक मांडणीसाठी आणि ठरावीक टंकासाठी आहे. आपल्या देवनागरी पानाला तो लागू पडत नाही. शिवाय "स्वातीला बॅग दिसते" हे कागदावर तीन शब्दांचे आहे आणि पडद्यावर २० सेकंदांचे. दोन्ही कलाकारांना प्रत्यक्ष त्या खोलीत उभे करून, हालचालींसह, मोबाइलवरचे स्टॉपवॉच लावून तीन वेळा तालीम घ्या. तालमीतच साडेचार मिनिटांच्या वर जात असाल, तर चित्रीकरणापूर्वीच काटा, कारण संकलनात लांबी सहसा वाढलेलीच आढळते.

आता ही रचना खोलीत कशी बसवायची, ते पाहू. खोलीचे तीन भाग माना : दार, कॉट आणि मोरी. प्रत्येक टप्प्यात दोघींमधले अंतर वेगळे ठेवा, म्हणजे जागा एकच असूनही दृश्य बदलत राहते. कॉटखालून घेतलेला शॉट चित्रपटात दोनदाच वापरा, बॅग लपवताना आणि ती सापडताना. मध्येच केवळ सुंदर दिसतो म्हणून तो वापरलात, तर दुसऱ्या वेळचा त्याचा परिणाम जाईल. दोघी समोरासमोर बोलत असताना त्यांना जोडणारी एक काल्पनिक रेषा धरा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा, नाहीतर संकलनात त्या एकमेकींकडे पाहत आहेत असे वाटणार नाही. मेघना गॅलरीतून परत येते तेव्हा ही रेषा बदलते, म्हणून तिचे चालत येणे एका सलग शॉटमध्ये अवश्य घ्या.

एक अनुभव सांगतो, कारण तो थेट तुमच्या शेवटाशी संबंधित आहे. विद्यार्थी असताना मी केलेल्या लघुपटाचा शेवट एका आवाजावर होता आणि तो आवाज मी चित्रीकरणाच्या वेळी वेगळा मुद्रित केला नाही. पंख्याच्या घरघरीत तो हरवला, आणि संकलनात मला तेथे संवाद घालावा लागला. तुमचे सारे वळण मापाच्या आवाजावर आहे. म्हणून डबा पत्र्याचाच घ्या, प्लॅस्टिकचा नको. पातेल्यात पडणारे आणि डब्यात पडणारे तांदूळ यांचा आवाज वेगळा ऐकू येतो ना, हे आधी तपासा. पंखा बंद करून ते दोन्ही आवाज माइक जवळ धरून स्वतंत्रपणे मुद्रित करा, आणि खोलीतील नुसती शांतताही मिनिटभर मुद्रित करा, म्हणजे कापलेल्या जागा भरता येतील. तांदूळ किलोभर जास्त आणा आणि डब्यातील पातळीवर आतून पेन्सिलीने खूण करा, कारण प्रत्येक टेकनंतर ती पुन्हा तेवढीच करावी लागेल.

पहिल्या संकलनात चित्रपट साडेपाच मिनिटांचा झाला, तर कुकर दाखवण्याच्या भागातून कापा. तेथे आठ महिन्यांचे वाक्य, कॉटजवळ थांबवणे आणि कापलेला फोन एवढे तिन्ही राहिले की पुरे. स्वाती बॅगकडे पाहत राहते तो शॉट आणि दोन मापांनंतरची ती शांतता यांना मात्र कात्री लावू नका, दोन्ही जागी तुम्हाला ती लांबलेली वाटली तरीही. तुम्हाला कथा ठाऊक आहे म्हणून तसे वाटते. शंका राहिलीच, तर ज्याने संहिता वाचलेली नाही अशा एखाद्या वर्गमित्राला आवाज बंद करून चित्रपट दाखवा आणि बॅगचे स्वातीला केव्हा कळले, एवढेच विचारा. त्याने अचूक जागा सांगितली, तर मधले वळण बसले आहे. नाही सांगितली, तर स्वातीच्या चेहऱ्याचा शॉट लांबवा, संवाद वाढवू नका.