मामाला सुईण करू नका

प्रश्न: मी इराणी फारसी शिकलोय. पुण्यातल्या एका अफगाण मित्राला परदेशी विद्यापीठाच्या अर्जासाठी त्याचं पर्सनल स्टेटमेंट दरी भाषेतून इंग्रजीत करून हवंय. दरी म्हणजे फारसीच ना? कोणते शब्द वेगळे निघतील?

फारसीच आहे. लिपी तीच, लेखी व्याकरण जवळपास तेच. एकदा वाचलंत की वाटेल, सगळं कळलं. घोटाळा तिथेच होतो. अनोळखी शब्द आपलं काही बिघडवत नाही. 'पोहनतून' दिसलं की तुम्ही अडता, शोधता, पश्तूतून आलेला शब्द आहे आणि अर्थ विद्यापीठ, म्हणजे इराणातलं 'दानेशगाह', हे पाच मिनिटांत कळतं. 'वुलुसवाली' म्हणजे प्रांताखालचा प्रशासकीय भाग, जिल्हा, तेही असंच सापडतं. घात करतात ते तुमच्या ओळखीचे शब्द. ते थांबवतच नाहीत.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी असंच एक स्टेटमेंट आलं होतं. मुलगा काबूलचा, पुण्यात बी.एस्सी. करून सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स करायला निघालेला. काम एका भाषांतर संस्थेमार्फत होतं. मी भाषांतर करायचं आणि संस्थेचे तपासनीस ते तपासणार, अशी पद्धत. हे गृहस्थ तेहरानला राहून आलेले, त्यामुळे तेहरानबाहेर जे बोललं जातं ते सगळं त्यांच्या मते बिघडलेलं.

मुलाने लिहिलं होतं की तो आठव्या 'सिन्फ'मध्ये असताना त्याचे 'मामा', जे 'शफाखाना'त कामाला होते, त्याच्या इंग्रजीच्या कोर्सचे पैसे भरायचे. मी सरळ लिहिलं: आठवीत असताना, आईचे भाऊ, इस्पितळ. साहेबांनी माझ्या 'आईच्या भावा'वर लाल रेघ मारून 'मिडवाइफ' केलं. कारण इराणी फारसीत 'मामा' म्हणजे सुईण, आणि आईच्या भावाला तिथे 'दायी' म्हणतात. अफगाणिस्तानात मामा म्हणजे मामाच, सुईण ती 'काबिला'. आणि हा माणूस मराठी! लहानपणापासून मामाच्या गावाला जाऊन आलेला. काकाही तिथे काकाच आहे, इराणात तो 'अमू' होतो. म्हणजे या दोन शब्दांत मराठी माणसाला काबूल तेहरानपेक्षा जवळचं आहे, आणि नेमके तेच त्यांना पटेनात.

वाईट म्हणजे चूक वाक्यात इतकी चपखल बसली की कुणाला खटकलीच नसती. इस्पितळात काम करणारी सुईण, ती एका हुशार पोराला मदत करते, पोरगा पुढे सार्वजनिक आरोग्याकडे वळतो. झकास गोष्ट. फक्त खोटी. त्याच अर्जासोबत आर्थिक हमीपत्र होतं आणि त्यावर सही याच मामांची, नात्याच्या रकान्यात 'आईचा भाऊ'. स्टेटमेंटमधून मामा गायब आणि हमीपत्रात हजर, म्हणजे अर्ज वाचणाऱ्याला प्रश्न पडणारच. मी फोन करून भांडले. उत्तर आलं, "शब्दकोशात बघा." कोणत्या देशाच्या, ते विचारायची सोय नव्हती. शेवटी मुलाने स्वतः लिहून दिलं तेव्हा मामा परत पुरुष झाले.

तर तुम्ही या जातीच्या शब्दांकडे बघा. 'सिन्फ' इराणात व्यापाऱ्यांचा किंवा कारागिरांचा संघ, अफगाणिस्तानात शाळेची इयत्ता. 'मक्तब' म्हणजे तिथे साधी शाळा. 'मदरसा' इराणात शाळा, पण अफगाण माणूस सहसा धार्मिक शिक्षणाच्या जागेला म्हणतो, त्यामुळे दोन्हींना डोळे झाकून 'स्कूल' लिहू नका. 'मुहस्सिल' इराणी कानाला शाळकरी पोर वाटतो, दरीत तो विद्यापीठातला विद्यार्थी. शाळकरी मुलाला ते 'मुतअल्लिम' किंवा 'शागिर्द' म्हणतात. हा एक शब्द चुकला तर माणसाने कॉलेजात असताना केलेलं काम शाळेत केल्यासारखं दिसतं. 'मुअस्सिसा' म्हणजे नुसती संस्था असं कोश सांगेल, पण काबूलचा तरुण 'एका मुअस्सिसात नोकरी केली' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा एनजीओ असते. त्याला नाव विचारून घ्या आणि तेच लिहा.

महिन्यांवर मात्र खरंच वेळ द्या. तालिबान परत येईपर्यंतच्या कागदांवर वर्ष दोन्हीकडे सौर हिजरीच, पण इराणात फरवरदीन, तीर, मेहेर असे महिने आणि अफगाणिस्तानात चक्क राशी: हमल म्हणजे मेष, सवर म्हणजे वृषभ, असं हूतपर्यंत, म्हणजे मीनेपर्यंत. चौथा महिना 'सरतान', आपली कर्क. हाच शब्द कर्करोगालाही आहे. 'वडील सरतान 1395 मध्ये वारले' या वाक्यात आजार शोधू नका. मूळ मजकुरात 'दर सरतान', म्हणजे 'सरतानमध्ये', असेल तर महिना, 'अज़ सरतान', म्हणजे 'सरतानने', असेल तर रोग. एवढ्याशा शब्दावर वाक्य फिरतं. पंचांगाची सवय असेल तर आणखी एक खोच: त्यांचा 'जदी' म्हणजे मकर, पण तो आपल्या संक्रांतीला नाही, 22 डिसेंबरच्या आसपास सुरू होतो.

इंग्रजी साल काढायला अफगाण वर्षात 621 मिळवा. साधारण 10 जदीनंतर, म्हणजे जानेवारी लागला की, 622. सरतान 1398 म्हणजे जून-जुलै 2019. जदी 1398 मात्र डिसेंबर 2019 ही असू शकतो आणि जानेवारी 2020 ही. तारीख दिली नसेल तर अंदाजाने एक महिना ठोकून देऊ नका, त्याच्या गुणपत्रिकेवर जे आहे तेच लिहा. दोन कागदांवर दोन साली पदवी असली की अर्ज अडकतो.

आणि 'पोहनतून'च्या जागी 'दानेशगाह' दिसलं म्हणून लेखक इराणी ठरत नाही. अफगाणिस्तानात या दोन शब्दांवरून राजकारण होतं. 2004 च्या राज्यघटनेत देशातल्या प्रचलित शैक्षणिक आणि प्रशासकीय संज्ञा जपायचं कलमच होतं, आणि बरेच फारसीभाषक तरीही हट्टाने दानेशगाह लिहितात. इंग्रजीत दोन्हींचं युनिव्हर्सिटीच होतं, तुम्ही त्या वादात पडू नका.

एक राहिलं. तुमचा मित्र इराणात निर्वासित म्हणून वाढलेला असेल तर वरचं सगळं उलटंपालटं होऊ शकतं. मशहदला शाळा झालेली अफगाण मुलं इराणी शब्द सर्रास वापरतात, कधी एकाच परिच्छेदात दोन्ही. महिन्यांची नावं आधी बघा, तीर-मेहेर आहे की सरतान-मीज़ान, त्यावरून बराच अंदाज येतो. तरी नातीगोती आणि शिक्षणाचे शब्द त्याच्यासमोर बसून विचारा. तो पुण्यातच आहे, चहा पाजेल. मधे कुणी तपासनीस असेल तर त्याचे बदल दिसतील अशी फाइल मागा आणि अंतिम प्रत मित्राला दाखवल्याशिवाय पाठवू देऊ नका, मग तो तेहरानला कितीही वर्षं राहिलेला असो.