कॉल एका कंपनीवर, नेट दुसऱ्या कंपनीवर: हिशेब कुठे जमतो?

प्रश्न: माझं एअरटेलचं सिम आहे, दर 84 दिवसांनी 859 रुपये भरतो. कॉलसाठी हेच ठेवून नेटसाठी जिओचं घेतलं तर खर्च खरंच कमी होतो का? काय गमवावं लागतं?

एकट्यासाठी नाही होत. घरात तीन फोन असतील तर होतो, पण थोडाच.

डिसेंबर 2024 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं बंधनकारक केलं. त्यानंतर 2025 च्या सुरुवातीला एअरटेलने 469 रुपयांत 84 दिवस अमर्याद कॉल आणि 900 एसएमएस असा पॅक आणला. तुमच्या 859 च्या पॅकमध्ये रोज दीड जीबी नेट असतं. म्हणजे त्या नेटसाठी तुम्ही 390 रुपये मोजता आणि 84 दिवसांत 126 जीबी मिळतं. जीबीला साधारण तीन रुपये! दुसऱ्या कंपनीला याहून स्वस्तात नेट द्यायला लावायचं, हे अवघड काम आहे.

अडचण अशी की नुसत्या नेटचं स्वस्त सिम आपल्याकडे जवळपास मिळतच नाही. ‘डेटा पॅक’ म्हणून जे दिसतात ते बहुतेक मूळ पॅक चालू असेल तरच लागतात. त्यामुळे नेटचं सिम म्हणून घेतलं तरी पूर्ण पॅक मारावा लागतो, आणि न वापरलेल्या कॉलचेही पैसे जातात. जिओचा रोज दीड जीबीचा 84 दिवसांचा पॅक त्याच काळात 799 रुपयांना होता. 469 अधिक 799 म्हणजे 1268. तुम्ही आज 859 भरताय.

आता घरात तिघं आहेत असं धरा. तिघांचे 859 प्रमाणे 2577 होतात. तिघांना कॉलचा पॅक आणि नेटचं एकच सिम घेऊन ते हॉटस्पॉटने तिघांत वाटलं तर 1407 अधिक 799, म्हणजे 2206. 371 रुपये वाचले, 28 दिवसांना सव्वाशेच्या आत. दोघांच्या घरात हाच हिशेब 19 रुपयांनी उलटा बसतो. (दर बदलत असतात, रिचार्जच्या दिवशी पुन्हा बेरीज करा.)

त्या सव्वाशेच्या बदल्यात तिघांत मिळून रोज दीड जीबीच मिळतं. ते संपलं की वेग 64 केबीपीएसवर येतो आणि व्हॉट्सअ‍ॅपचा फोटोही रेंगाळतो. शिवाय हॉटस्पॉटच्या बाहेर गेलेल्या माणसाला नेट नाही, म्हणजे भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देणंही नाही. अमर्याद फाइव्ह-जी हवं असेल तर दोन्ही कंपन्यांत रोज दोन जीबीवाला पॅक लागतो, दीडचा चालत नाही.

सगळ्यात जास्त वैताग मात्र फोनच्या आतला आहे. बहुतेक ड्युअल सिम फोनमध्ये कॉल चालू असताना एकच सिम काम करतं. कॉलच्या सिमवर फोन आला की नेटच्या सिमचं नेट थांबतं, आणि तुमच्या हॉटस्पॉटवर बसलेल्या मुलाचा ऑनलाइन क्लास अडकतो. फोनमध्ये ‘कॉल चालू असताना डेटा दुसऱ्या सिमवर न्या’ अशी सोय असते. इथे ती बंदच ठेवा. कॉलच्या सिमवर नेटचा पॅक नाही, मग एकतर काहीच चालत नाही किंवा मेन बॅलन्समधून साध्या दराने पैसे कापले जातात. बॅलन्स काही कारण नसताना उतरताना दिसला तर आधी हेच तपासा.

काही फोनमध्ये कॉलच्या सिमवरचा कॉल नेटच्या सिमवरून वाय-फाय कॉलिंगसारखा नेता येतो. मग नेट थांबत नाही, पण फोन आणि कंपनी दोघांनी ते चालू दिलेलं असायला हवं. त्याहून सोपा उपाय म्हणजे कपाटातला जुना फोन काढा, नेटचं सिम त्यात घाला आणि तो घरात हॉटस्पॉट म्हणून चार्जरला लावून ठेवा. अर्थात मग बाहेर पडताना तुमच्या खिशातही नेट नसतं.

घरी ब्रॉडबँड आधीच असेल तर दुसऱ्या कंपनीच्या नादाला लागूच नका. बाहेरच्या वापराला महिन्याला दोन-अडीच जीबी पुरत असतील तर 84 दिवसांत एकूण पाच-सात जीबी देणारे पॅक बघा. ते नुसत्या कॉलच्या पॅकहून थोडेच महाग असतात.

तरीही दोन सिम करायचीच असतील तर बँक, आधार आणि यूपीआयचा नंबर कॉलच्या सिमवरच राहू द्या. यूपीआयची नोंदणी त्याच सिमवरून एसएमएस पाठवून होते आणि ओटीपीही तिथेच येतात. या सिमची व्हॅलिडिटी संपली की आधी आउटगोइंग जातं, काही दिवसांनी इनकमिंगही. नेटचं सिम चालू असल्यामुळे फोन ‘चालू’ वाटत राहतो आणि हे लक्षात येत नाही. दोन्ही रिचार्ज एकाच दिवशी मारा, म्हणजे संपायची तारीखही एकच राहील.