क्रोसाँचं बटर बाहेर येतं, पदर सुटत नाहीत

प्रश्न: लाटताना बटर मध्येच तुटतं, भाजताना ट्रेमध्ये वितळून येतं. काय चुकतंय?

बहुधा बटर फार गार आणि कणीक मऊ. फ्रीजमधली बटरची लादी टेबलाच्या कडेवर वाकवून बघा. तडा गेला तर ती लाटताना आतच फुटणार आणि कणकेखाली ठिपके दिसणार. बोटाला चिकटली तर ती कणकेत मुरणार. मग पदर नाहीत, नुसता पाव. न मोडता पट्ट्यासारखी वाकते ती साधारण १३ ते १५ अंशांना. कणीक मात्र फ्रीजमधून थेट गारच घ्या. प्रत्येक घडीनंतर अर्धा तास फ्रीज. माझा हात इथेच घाई करायचा. शेवटचं फुगवणं २६ अंशांच्या आत, नाहीतर बटर भट्टीआधीच वितळतं. कमी फुगलेले क्रोसाँही ट्रेमध्ये बटर सोडतात.