५५ इंची टीव्हीवर दुकानाची वाढीव वॉरंटी घ्यावी का?

प्रश्न: ठाण्यात कासारवडवलीला राहतो. ५५ इंची एलईडी टीव्ही ४८,००० ला ठरवलाय. कंपनीची वॉरंटी एकच वर्ष. दुकानदार म्हणतो, आणखी ५,५०० भरा, पुढची दोन वर्षं बघायला नको. भरावे का?

उत्तर:

या भावात भरू नका. निदान दुकानात उभ्या उभ्या तरी नको.

टीव्हीत खरी महाग वस्तू एकच, पॅनेल. ते गेलं तर टीव्हीच्या किमतीच्या अर्ध्याहून बराच जास्त खर्च येतो. बॅकलाइटच्या पट्ट्या किंवा पॉवर सप्लायचा बोर्ड बदलणं साधारण काही हजारांत होतं, म्हणजे जवळपास या योजनेच्याच किमतीत. त्यामुळे हिशोब पॅनेलचाच करायचा.

तो करण्याआधी दुकानदाराकडून योजनेचे छापील नियम मागून घ्या आणि त्यात घसारा कुठे लिहिलाय ते शोधा. दुरुस्ती शक्य नसेल किंवा परवडत नसेल, तर बऱ्याच योजना बिलाची पूर्ण रक्कम देत नाहीत, घसारा कापून देतात. समजा तुमच्या कागदावर दुसऱ्या वर्षी बिलाच्या ७० टक्के आणि तिसऱ्या वर्षी ५० टक्के मिळतील असं लिहिलंय. मग पॅनेल गेल्यावर हातात जास्तीत जास्त ३३,६०० किंवा २४,००० येतील, सरासरी २८,८००. त्यासाठी आज ५,५०० द्यायचे. म्हणजे दर पाच टीव्हींपैकी साधारण एकाचं पॅनेल या दोन वर्षांत जाणार असेल, तरच हा सौदा बरोबरीत सुटतो. धड कंपनीच्या टीव्हीचं पॅनेल इतक्या सर्रास जात नाही. शिवाय कंपनीचं वॉरंटी कार्ड नीट वाचा. काही मॉडेलांवर पॅनेलची वॉरंटी एक वर्ष जास्त असते. तसं असेल तर पॅनेलपुरते तुम्ही फक्त तिसऱ्या वर्षाचे पैसे भरताय.

आता योजनेत काय नसतं ते. मुलाच्या बॅटने किंवा भिंतीवर लावताना पडून फुटलेला पडदा, पाणी, झुरळ-पाल आत गेल्याने झालेलं शॉर्ट हे बहुतेक योजनांत वगळलेलं असतं. विजेच्या झटक्याचा मुद्दा प्रत्येक योजनेत वेगळा, तो मुद्दाम विचारा. पावसाळ्यात लाइट जाते आणि परत येताना झटका देते, तेव्हा पॉवर बोर्डाला धोका असतो. नव्या टीव्हीचा पॉवर सप्लाय कमी-जास्त व्होल्टेज बऱ्यापैकी सांभाळून घेतो, त्यामुळे स्टॅबिलायझर सहसा लागत नाही. चांगला सर्ज प्रोटेक्टर मात्र लावा आणि लाइट गेली की प्लग काढून ठेवा. केबलच्या वायरीतूनही झटका येतो, म्हणून विजा कडाडत असतील तेव्हा तीही काढा.

बॅकलाइटच्या पट्ट्या जळतात त्या उष्णतेने. दुकानात डोळ्यांत भरावं म्हणून ‘विविड’ मोड आणि बॅकलाइट १०० वर ठेवलेला असतो. घरी आल्यावर तो ५०-६० वर आणा.

पुढे कधी आवाज येतोय पण पडदा काळा, असं झालं तर घाबरून नवा टीव्ही बघायला जाऊ नका. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरा. अंधुक चित्र हलताना दिसलं तर पॅनेल शाबूत आहे, बॅकलाइट किंवा त्याचा पुरवठा गेलाय, म्हणजे स्वस्तातलं काम. उभी रेघ दिसत असेल तर टीव्हीचाच मेनू उघडा. मेनूवरही रेघ असेल तर दोष सेट-टॉप बॉक्सचा नाही, आणि बहुतेक वेळा तो पॅनेलचाच निघतो.

हो कधी म्हणायचं? टीव्ही ६५ इंचाच्या वरचा किंवा ओलेड असेल, योजना टीव्हीच्या कंपनीचीच असेल आणि तिच्यात घसारा नसेल, तर विचार करा. ओलेडवर चित्राचा कायमचा डाग पडणं मात्र सहसा त्यातही धरलेलं नसतं. बऱ्याच कंपन्या स्वतःची वाढीव वॉरंटी पहिल्या वर्षात केव्हाही विकतात, तेव्हा कस्टमर केअरला मुदत आणि किंमत विचारून ठेवा. ती घेतलीच तर प्रमाणपत्रावरचा सीरियल नंबर टीव्हीच्या मागच्या स्टिकरशी ताडून बघा. वॉरंटीत टीव्ही बदलून मिळाला तर नवा नंबर लेखी नोंदवून घ्या, नाहीतर पुढच्या तक्रारीला तिथेच अडवतात.

आणि योजना घ्या किंवा नका घेऊ, अकराव्या महिन्यात एक काम नक्की करा. रात्री दिवे बंद करून पडदाभर नुसता पांढरा, मग राखाडी, मग लाल रंग लावा. कुठे रेघ, अंधारा पट्टा किंवा एका कोपऱ्यात जास्त काळोख दिसला तर फोटो काढून त्याच आठवड्यात कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. मुदतीत नोंदवलेला दोष त्यांना दुरुस्त करून द्यावाच लागतो. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तोच क्रमांक सांगायचा.