बरणीतली मूठ काट्यावर

"तळलेलं, गोड सगळं बंद केलं. रात्रीच्या दोन पोळ्याही सोडल्या. संध्याकाळी घरी आल्यावर फक्त मूठभर सुकामेवा खाते. दोन महिने झाले, वजन तसूभर हललं नाही."

याच तक्रारीसाठी आलेल्या एका ताईंना मी मागच्या महिन्यात घरची बरणी घेऊन बोलावलं होतं. रोज जशी मूठ भरता तशीच भरा आणि या वाटीत टाका, असं सांगितलं. वाटी स्वयंपाकघरातल्या साध्या काट्यावर ठेवली. स्टीलची ती छोटी आमटीची वाटी अर्धीसुद्धा भरली नव्हती, पण आकडा आला ५४ ग्रॅम. मग एकेक जिन्नस वेगळा केला. बदाम १४, म्हणजे साधारण १०० कॅलरी. काजू १०, म्हणजे ९०. अक्रोडाचे अर्धे गर ४, त्यांचे ६०. राहिलेल्या १२ ग्रॅम बेदाण्यांचे ३५. बेरीज झाली २८५. तीस ग्रॅम कणकेची, तूप न लावलेली पोळी १०० कॅलरींच्या आसपास असते. म्हणजे ताईंनी रात्रीच्या दोन पोळ्या सोडून संध्याकाळी जवळपास तीन पोळ्यांइतकं खाल्लं होतं. आणि भाजी चिरताना बरणीत आणखी एकदा हात जातो, हे त्यांना तिथे बसल्यावर आठवलं.

एवढ्याशा ऐवजात इतक्या कॅलरी येतात, कारण बदाम-काजूंचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचं असतं. अक्रोडात तर ते साठ टक्क्यांच्याही वर जातं. पिठाच्या किंवा साखरेच्या एका ग्रॅममधून ४ कॅलरी मिळतात, तेलाच्या एका ग्रॅममधून ९. शिवाय या जिनसांत पाणी जवळजवळ नसतंच. १०० ग्रॅम पेरूमध्ये ७० कॅलरी भरतात, तेवढ्याच वजनाच्या बदामांत ५८० च्या आसपास. म्हणून डोळ्यांना कमी दिसतं आणि पोटालाही भरल्यासारखं वाटत नाही.

'मूठभर' या मापातही गडबड आहे. बोटं मिटून भरलेली मूठ साधारण ३० ग्रॅमची असते. पण बरणीत हात घातला की आपण बोटं वाकवून खोरं करतो, वर शीग लागते, आणि तीच मूठ पन्नाशी ओलांडते. घरातल्या पुरुषांचा हात मोठा असेल तर आणखी वर.

तुम्ही सुकामेवा सोडू नका. स्पेनमध्ये हृदयविकारावर झालेल्या प्रेडिमेड या मोठ्या अभ्यासात एका गटाला रोज मेवा दिला होता, तो ३० ग्रॅम होता: १५ ग्रॅम अक्रोड, बाकीचे बदाम आणि हेझलनट. तुमच्या बरणीतून तेवढंच घ्यायचं तर ८ बदाम, ५ काजू, अक्रोडाचे २ अर्धे गर आणि चमचाभर बेदाणे. हे झाले सुमारे १६० कॅलरी. एकदा काट्यावर मोजा, ते कुठल्या वाटीत कुठवर येतं ते पाहून ठेवा, आणि पुढे त्याच वाटीत काढून बसून खा. बरणी झाकण लावून वर ठेवा. रात्रीच्या पोळ्यांपैकी एक परत सुरू केलीत तरी चालेल. जेवण अपुरं पडलं की हात बरणीकडेच जातो.

"आम्ही बदाम रात्री भिजवून, साल काढून खातो. मग तर कॅलरी कमी होत असतील ना?"

नाही. भिजल्यावर बदाम पाणी पितो आणि जड होतो. त्यातलं तेल जिथल्या तिथे असतं. कोरडा बदाम ७ कॅलरींचा, भिजवलेलाही जवळपास ७ चाच. भिजवल्याने चावायला सोपं जातं, एवढ्यासाठी जरूर भिजवा. साल काढण्यात मात्र फायदा नाही, उलट थोडा चोथा वाया जातो.

"पाकिटावर लिहिलेल्या सगळ्याच्या सगळ्या कॅलरी अंगी लागतात का? मुलगा म्हणतो, बदामातलं बरंच तेल पचतच नाही."

तुमचा मुलगा बरोबर सांगतोय. बदामातलं तेल पेशींच्या चिवट भिंतींच्या आत बंद असतं. आपण कितीही चावलं तरी काही पेशी फुटत नाहीत आणि त्यातलं तेल तसंच बाहेर पडतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी हे माणसांवर मोजून पाहिलं. त्यांचा निष्कर्ष २०१२ मध्ये आला: २८ ग्रॅम अख्ख्या बदामांवर १७० कॅलरी लिहिलेल्या असतात, शरीराला मिळतात १२९ च्या आसपास. भाजलेल्या किंवा तुकडे केलेल्या बदामांत हा फरक कमी होतो, आणि अगदी बारीक वाटून केलेल्या बदामाच्या लोण्यात तो जवळपास उरतच नाही, कारण तिथे भिंती आधीच फुटलेल्या असतात.

पण ही सूट धरून मूठ वाढवू नका. मघाच्या वाटीतल्या १०० कॅलरींच्या बदामांतून २०-२५ वजा होतील, बेदाण्यांतून काहीच नाही. अडीचशेच्या आसपास राहतातच.

"बेदाणे, खजूर, अंजीर यांत तेल नसतं. मग ते थोडे जास्त चालतील? मला मधुमेह आहे."

तेल नसतं, पण पाणीही गेलेलं असतं. आपल्याकडे तासगाव भागात साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. म्हणजे लहान मुठीतल्या ३० ग्रॅम बेदाण्यांत सव्वाशे ग्रॅम द्राक्षांची सगळी साखर आहे. तेवढी द्राक्षं खायला आपण पाच-दहा मिनिटं घेतो, बेदाणे दोन बकाण्यांत संपतात. कॅलरी नव्वदेक, आणि त्या जवळजवळ साऱ्या साखरेच्या. तुमच्यासाठी कॅलरींपेक्षा ही साखर महत्त्वाची. बिनबियांचा एक लहान खजूर किंवा दहा-बारा बेदाणे, तेही जेवणाच्या साखरेत धरून. तुमच्या गोळ्या किंवा इन्सुलिनचा हिशेब डॉक्टरांशी बोलून ठरवा.

तयार मिक्स घेत असाल तर मागची घटकांची यादी वाचा. जो घटक वजनाने जास्त, तो यादीत आधी येतो. वाळवलेल्या क्रॅनबेरी मुळात आंबट असतात, म्हणून त्या बहुतेक साखरेत मुरवूनच येतात. अशा पाकिटापेक्षा घरी निवडून भरलेली बरणी बरी.

"सासरे ७६ वर्षांचे आहेत. आजारपणानंतर वजन खूप उतरलंय, दोन घासांत जेवण थांबतं. त्यांनाही मोजूनच द्यायचं का?"

त्यांना मोजायचं, पण कमी पडू नये म्हणून. ज्या गुणामुळे इतरांचं वजन वाढतं, तोच इथे हवा आहे: थोड्या घासांत भरपूर ऊर्जा. फक्त अख्खा मेवा देऊ नका. दात नसले तर तो चावला जात नाही, घशात अडकण्याची भीती असते, आणि वर सांगितल्याप्रमाणे बरंचसं तेल न पचता जातं. बदाम-काजू कोरडे भाजून, थंड झाल्यावर मिक्सर थांबत थांबत फिरवून बारीक पूड करा. सलग फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. पूड घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, आठवडाभराचीच करा. वास खवट आला तर टाकून द्या.

यातले दोन मोठे चमचे, म्हणजे १५ ग्रॅमच्या आसपास, सकाळी नाचणीच्या सत्त्वात आणि तेवढेच संध्याकाळी दुधात घाला. दिवसाला पावणेदोनशे कॅलरी वाढतील आणि त्यांना एक घासही जास्त खावा लागणार नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण सुक्यामेव्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही भरपूर असतात. दर आठवड्याला, त्याच वेळी, त्याच काट्यावर वजन घेऊन वहीत लिहा. महिन्याभरात काही फरक दिसला नाही, किंवा उतरणं चालूच राहिलं, तर ती वही घेऊन त्यांना डॉक्टरांकडे न्या.